ऑफिसचा मेल फोनवर टाकला आणि दुपारी दोनलाच बॅटरी बसायला लागली: शिरपूरकडचं एक प्रकरण

माझा मावसभाऊ शिरपूर तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये कामाला आहे. सकाळी सातला घरून निघतो, कधी बोराडीकडे, कधी सांगवी-पळासनेर करत घाट चढून सेंधव्यापर्यंत, गावागावात कापसाचे ढीग बघायचे, भाव बोलायचा, गाडी भरून पाठवायची असं काम. गेल्या हंगामात शेठनी सांगितलं की आता ऑफिसचा मेल प्रत्येकाच्या फोनवर पाहिजे, कारण गाठींची यादी आणि रुईचे टेस्ट रिपोर्ट मेलवर येतात आणि रिपोर्ट बघितल्याशिवाय पुढचा माल बोलता येत नाही. भावाने स्वतःच अकाउंट टाकलं आणि आठ दिवसांनी मला फोन केला, "दादा, मोबाईल दुपारलेच मरी जास, शेठ म्हनतस फोन का बरं लागत नही."

मी धुळ्यात कॉम्प्युटर, मेल, होस्टिंग अशीच कामं करतो, त्यामुळे रविवारी तो आला तेव्हा फोन हातात घेऊन नीट बसलो. अँड्रॉइड फोन, 5000 एमएएचची बॅटरी, दीड वर्ष जुना, म्हणजे बॅटरी म्हातारी झाली म्हणावं असंही काही नव्हतं. आणि मेल टाकायच्या आधी हाच फोन रात्री नऊला सुद्धा तीस टक्क्यांवर असायचा हे तो शपथेवर सांगत होता.

आधी अकाउंट कसं टाकलंय ते बघितलं, कारण निम्मे घोळ तिथेच असतात. त्यांच्या ऑफिसचा मेल कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवर आहे, साध्या होस्टिंगवर, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर, त्यामुळे फोनमध्ये `Add account` मध्ये जाऊन `Other` निवडायचं, पूर्ण मेल आयडी टाकायचा आणि मग तीन पर्याय येतात त्यात आयमॅप घ्यायचं. पॉप घेऊ नका, ऑफिसच्या मेलला तर नकोच. पॉपमध्ये मेल सर्व्हरवरून फोनमध्ये उतरतो आणि सेटिंग तसं असेल तर सर्व्हरवरून उडतो सुद्धा, मग ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बसलेला माणूस म्हणतो रिपोर्ट आलाच नाही. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतो, फोन फक्त त्याची प्रत दाखवतो. भावाने आयमॅपच घेतलं होतं, चांगलं झालं. पुढे सर्व्हरचं जे भरायचं ते असं असतं, डोमेनच्या जागी आपलं डोमेन, आणि नेमकी नावं होस्टिंगवाल्याने दिलेली असतात तीच घ्यायची:

```
Incoming: mail.example.com   993   SSL/TLS
Outgoing: mail.example.com   465   SSL/TLS
Username: पूर्ण मेल आयडी
```

काही ठिकाणी जाणाऱ्या मेलला 465 ऐवजी 587 आणि `STARTTLS` असतं, दोन्ही बरोबर आहेत, होस्टिंग जे सांगेल ते. युजरनेममध्ये लोक फक्त @ च्या आधीचं नाव टाकतात आणि मग पासवर्ड चुकला म्हणून बसतात, तर तिथे बहुतेक होस्टिंगवर पूर्ण आयडीच लागतो. आणि सिक्युरिटीच्या यादीत `Accept all certificates` असं एक असतं, सर्व्हरचं नाव चुकलं की सर्टिफिकेटची सूचना येते आणि लोक ती टाळायला हे निवडतात, ते करू नका, त्याने मधला कोणीही स्वतःला तुमचा सर्व्हर म्हणवून पासवर्ड घेऊ शकतो, नाव बरोबर लिहिलं की सूचना आपोआप जाते.

सगळं भरून झालं की शेवटच्या पानावर `Sync frequency` विचारतात, म्हणजे फोनने किती वेळाने सर्व्हरला जाऊन नवीन मेल आहे का विचारायचं. जीमेलच्या ॲपमध्ये आयमॅप अकाउंटला सगळ्यात कमी पंधरा मिनिटं मिळतात, पण फोनबरोबर आलेल्या मेल ॲपमध्ये पाच मिनिटं सुद्धा असतात. भावाने तेच घेतलं होतं. "मी पाच मिनिटवर ठेयेल शे, रिपोर्ट लवकर दिखाले पाहिजे ना." आणि आणखी एक, आधी जीमेलच्या ॲपमध्ये टाकून बघितलं होतं, तिथे पंधरा मिनिटांवर, ते काढलंच नव्हतं. म्हणजे एकच मेलबॉक्स दोन ॲप वेगवेगळे जाऊन विचारत होते. सकाळी सात ते रात्री आठ तेरा तास धरले तर पाच मिनिटांचे 156 आणि पंधरा मिनिटांचे 52, असे दिवसाला 208 फेरे.

आता इथे सगळे म्हणतात की मग बॅटरी जाणारच, फेरे कमी करा. मलाही तेच वाटलं होतं, पण हिशेब करून बघितला तर जमेना. मेल विचारायला डेटा काही केबीच लागतो, खर्च त्याचा नसतोच. खर्च असतो तो फोनचा रेडिओ, म्हणजे टॉवरशी बोलणारा भाग, उठवायचा. टॉवरशी बोलणं झालं की रेडिओ लगेच झोपत नाही, अजून काही येईल म्हणून साधारण दहा सेकंद जागा राहतो, टॉवरच्या सेटिंगप्रमाणे कमीजास्त. म्हणजे दोन सेकंदांच्या कामाला रेडिओ दहा-बारा सेकंद जागा. मेल विचारण्याचा खर्च किती केबीने नाही तर किती वेळा उठवलं त्याने ठरतो, पन्नास मेल एका फेऱ्यात आणले तर ते दहा फेऱ्यांत पाच-पाच आणण्यापेक्षा खूप स्वस्त पडतात. तर 208 फेऱ्यांचे दहा-दहा सेकंद म्हणजे 2080 सेकंद, जवळपास पस्तीस मिनिटं. तेरा तासांत पस्तीस मिनिटं रेडिओ जास्त जागला, बॅटरीला चिमटा बसेल, घाटात रेंज कमी असली की फोन जास्त ताकद लावून बोलतो म्हणून अजून थोडा जास्त बसेल, पण दुपारी दोनला फोन बंद पडेल इतका नाही. म्हणजे दुसरं काहीतरी होतं.

मग बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन कोणत्या ॲपने किती खाल्ली ते उघडलं. मेलचं ॲप सगळ्यात वर, आणि महत्त्वाचं म्हणजे स्क्रीनवर फक्त नऊ मिनिटं आणि बॅकग्राउंडमध्ये साडेपाच तास. साडेपाच तास! नुसतं विचारून येणारं ॲप बॅकग्राउंडमध्ये इतकं जागं राहूच शकत नाही. मग डेटाच्या वापराचं पान उघडलं तर त्या ॲपने आदल्या एका दिवसात 1.1 जीबी घेतला होता. दिवसाला वीस-पंचवीस मेल येणाऱ्या माणसाचा 1.1 जीबी. भाऊ तेव्हा म्हणाला की हो, हल्ली रोजचा दीड जीबी दुपारीच संपतो, त्याला वाटत होतं पोरगा फोनवर व्हिडिओ बघतो म्हणून, आणि पोराला बोलणी पण बसली होती बिचाऱ्याला.

डेटा येत नव्हता तर जात होता. मेल ॲपमध्ये डावीकडचा मेनू उघडला, `Outbox` वर 1 असा आकडा. उघडलं तर आठ दिवसांपूर्वीचा, म्हणजे अकाउंट टाकल्याच्याच दिवशीचा मेल, ऑफिसला पाठवलेला, बोराडीच्या एका ढिगाचे सात फोटो, प्रत्येकी तीन एमबीच्या आसपास, म्हणजे एकवीस एमबी. ऑफिसने नंतर ते फोटो व्हॉट्सॲपवर मागून घेतले होते, त्यामुळे मेल गेला नाही हे कोणाला कळलंच नाही.

हा मेल का जात नव्हता ते नीट सांगतो, कारण हे कोणालाही होऊ शकतं. मेलमध्ये फोटो किंवा फाइल जोडली की ती आहे तशी जात नाही, तिचं अक्षरांत रूपांतर होतं आणि त्यात तीनाचे चार होतात. एकवीस एमबीचे फोटो पाठवताना अठ्ठावीस एमबी होतात. त्यांच्या होस्टिंगची एका मेलची मर्यादा 25 एमबी. म्हणजे फोनमध्ये आकडा एकवीस दिसतोय, मर्यादा पंचवीस आहे, माणसाला वाटतं बसेल, पण तो मेल कधीच जाणार नव्हता. आणि दुसरी गोष्ट, मेल पाठवताना मध्ये रेंज गेली तर अर्ध्यातून पुढे चालू होत नाही, पुन्हा पहिल्यापासून. हे ॲप प्रत्येक सिंकच्या वेळी नवीन मेल विचारायच्या बरोबर अडकलेला मेल पुन्हा पाठवून बघायचं. दर पाच मिनिटांनी अठ्ठावीस एमबी ढकलायला सुरुवात, गावात रेंज असली तर पूर्ण ढकलून शेवटी सर्व्हर नाही म्हणणार, घाटात असला तर मध्येच तुटणार, आणि पाच मिनिटांनी परत. 1.1 जीबीला अठ्ठावीसने भागा, एकोणचाळीसेक वेळा होतं. दुपारी दीड जीबी संपला की प्लॅनचा स्पीड 64 केबीपीएसवर यायचा, त्या स्पीडला अठ्ठावीस एमबी जायला जवळपास तास लागतो, म्हणजे त्यानंतर रेडिओला झोपच नाही, एक प्रयत्न संपायच्या आत दुसऱ्याची वेळ झालेली. बॅटरी सकाळपेक्षा दुपारी झपाट्याने का उतरायची ते इथे कळलं.

म्हणजे पाच मिनिटांचं सिंक एकटं फार महाग नव्हतं, पण अडकलेल्या मेलला दर पाच मिनिटांनी तेच उठवत होतं. दोन्ही एकत्र आले म्हणून फोन मेला.

लगेच सगळं बदलून टाकलं असतं तर कशाने किती फरक पडला ते कळलं नसतं, म्हणून मी त्याला म्हटलं चार दिवस थांब, थोडं थोडं बदलू आणि रोज सकाळी सातला शंभर करून निघ, दुपारी दोनला आकडा कळव. सोमवार जसं होतं तसंच ठेवलं, दोनला 14 टक्के. सोमवारी रात्री आउटबॉक्समधला मेल काढला आणि जीमेलच्या ॲपमधलं दुसरं अकाउंट काढलं, पाच मिनिटं तशीच ठेवली, मंगळवारी दोनला 44. मंगळवारी रात्री पाचाचे तीस मिनिटं केले, बुधवारी 51. गुरुवारी एक तास करून बघितलं, 52. एकाच फोनचे आकडे आहेत, रोजचा रस्ता आणि फोनवर बोलणं थोडं वेगळं असतं, त्यामुळे एक-दोन टक्क्यांवरून काही ठरवू नये, पण 14 चे 44 हा फरक रस्त्याचा नाही. आणि पाचावरून तीसवर आल्यावर सात टक्के वाचले, तीसवरून साठवर गेल्यावर काहीच नाही म्हणा ना. कारण तिसाला दिवसाचे 26 फेरे, रेडिओ जास्तीचा चार-सव्वाचार मिनिटं जागा, त्याचे निम्मे करून वाचणार तरी काय. त्या फोनवर व्हॉट्सॲप, कॉल, नकाशा हे सगळं रेडिओला तसंही उठवतच असतं.

अकाउंट काढताना एक काळजी घेतली ती सांगायलाच पाहिजे. आयमॅपचं अकाउंट फोनमधून काढलं तर सर्व्हरवरच्या मेलला काही होत नाही, पण `Outbox` मधला मेल अजून सर्व्हरवर गेलेलाच नसतो, तो फक्त फोनमध्ये असतो, अकाउंट काढलं की तो गेला. म्हणून आधी दोन्ही ॲपचं आउटबॉक्स आणि ड्राफ्ट बघायचं, कामाचं असेल ते कॉपी करून घ्यायचं, मग काढायचं.

आता किती वेळाचं सिंक ठेवायचं हा प्रश्न बॅटरीवरून सोडवण्यापेक्षा कामावरून सोडवावा असं माझं मत आहे, आणि आम्ही तसंच केलं. मी विचारलं की रिपोर्ट किती उशिरा कळला तर नुकसान होतं. तो म्हणाला लॅबचा रिपोर्ट दिवसातून दोनदा येतो, बारा वाजायच्या सुमारास आणि पाचनंतर, आणि भाव बोलताना तो पाहिजे. मग अर्धा तास उशीर चालतो का? चालतो, कारण ढिगाजवळ उभं राहिलं की तो स्वतः ॲप उघडून खाली ओढून ताजा करून घेतोच. मग पाच मिनिटं कशाला पाहिजे होती, याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं, सेटिंगमध्ये होती म्हणून घेतली. जी गोष्ट खरोखर पाच मिनिटांत कळायलाच पाहिजे, म्हणजे गाडी थांबवा, माल उतरवू नका, तिला शेठनी फोन करायचा असं ऑफिसमध्ये ठरवलं. मेल त्या कामाचा नाहीच, तीस काय आणि पाच काय, मेल सर्व्हरवर सुद्धा कधी दहा मिनिटं रेंगाळतो.

आणि तसंही अँड्रॉइड तुमची पाच मिनिटं पाळेलच असं नाही. अँड्रॉइड 6 पासून फोन पडून असला, स्क्रीन बंद असली, चार्जिंगला नसला की तो ॲपची कामं अडवून ठेवतो आणि मधूनमधून एकदम करू देतो. त्यामुळे रात्री उशाशी ठेवलेल्या फोनवर कितीही मिनिटं ठेवा, फेरे आपोआप कमी होतात. भावाचा फोन दिवसभर मोटारसायकलवर खिशात हलत असतो म्हणून त्याला ही बचत फारशी मिळत नव्हती, मोकळ्या टेबलावर फोन ठेवून बसणाऱ्या माणसाला पाच मिनिटांचा इतका फटका बसत नाही. हे लक्षात घेतल्याशिवाय दुसऱ्याचं सेटिंग आपल्याला लावू नये.

मधल्या काळात कोणीतरी त्याला बॅटरी वाचवायला ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये `Restricted` करून दिलं होतं. त्याने दोन दिवस फोन छान टिकला, कारण ॲप बॅकग्राउंडला चालतच नव्हतं, आणि मेलही येत नव्हते, ॲप उघडलं की बारा-पंधरा एकदम पडायचे. एक रिपोर्ट त्यात राहिला आणि म्हणून त्याने परत `Unrestricted` केलं होतं, म्हणजे एकदम दुसऱ्या टोकाला. आम्ही मधलं `Optimized` ठेवलं. अर्ध्या तासाच्या सिंकला ते पुरतं, कधीतरी पन्नास मिनिटांनी येतो मेल, तेवढं चालतं.

शेठचा फोन आयफोन आहे आणि ते विचारत होते माझ्याकडे पाच मिनिटं का दिसत नाही. तिथे प्रकार वेगळा आहे. मेलच्या सेटिंगमध्ये `Fetch New Data` आहे, त्यात साध्या आयमॅप अकाउंटला फक्त `Fetch` किंवा `Manual` मिळतं, आणि फेचला पंधरा मिनिटं, तीस, एक तास किंवा `Automatically`. या शेवटच्याचा अर्थ लोक चुकीचा घेतात, ते ठेवलं तर बॅकग्राउंडला मेल तेव्हाच आणला जातो जेव्हा फोन चार्जिंगला आणि वायफायवर असेल. शेठ दिवसभर गादीवर बसतात, ऑफिसला वायफाय आहे, पण चार्जर घरी. म्हणून त्यांना मेल रात्रीच दिसायचे. तीस मिनिटं करून दिलं.

ज्यांच्या ऑफिसचा मेल मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरवर आहे त्यांनी अकाउंट टाकतानाच `Exchange` घ्यावं, तिथे पुश मिळतं. पुशमध्ये फोन दर वेळी जाऊन विचारत नाही, एक जोडणी धरून ठेवतो आणि मेल आला की सर्व्हर स्वतः सांगतो. दिवसाला वीस-पंचवीस मेल येत असतील तर हे पाच मिनिटांच्या फेऱ्यांपेक्षा स्वस्तच पडतं, दोन-तीनशे येत असतील तर प्रत्येक मेलला फोन उठतो आणि मग अर्ध्या तासाचे फेरेच बरे. फक्त एक्स्चेंज टाकताना फोन ऑफिससाठी तुमच्याकडे काही अधिकार मागतो, त्यात फोन पूर्ण पुसायचा अधिकार सुद्धा असू शकतो, ते पान वाचून मगच हो म्हणा, फोन स्वतःचा असेल तर ऑफिसला आधी विचारा.

भावाच्या फोनवर आता असं आहे: एकच ॲप, आयमॅप, तीस मिनिटं, अटॅचमेंट आपोआप उतरणं फक्त वायफायवर, आणि ढिगांचे फोटो मेलने पाठवायचे तर एका मेलला तीन, म्हणजे नऊ एमबीचे बारा होतात आणि कमी रेंजमध्ये सुद्धा एका दमात निघून जातात. बिजासन घाटात जिथे रेंज नसतेच तिथे तो फोन एअरप्लेनवर टाकतो, कारण रेंज शोधत बसलेला फोन मेलपेक्षा जास्त खातो. रात्री आठला तीस-बत्तीस टक्के उरतात.

जानेवारीत एकदा परत फोन आला, "दादा, मेल येतच नही." ऑफिसने सगळ्यांचे पासवर्ड बदलले होते, त्याने आपल्या फोनमध्ये नवीन टाकला, पण घरी पोराला दिलेल्या जुन्या फोनमध्ये तेच अकाउंट राहिलं होतं आणि तो दर पंधरा मिनिटांनी जुना पासवर्ड घेऊन सर्व्हरचं दार वाजवत होता. चुकीचे पासवर्ड सारखे आले की सर्व्हर त्या ठिकाणचा इंटरनेटचा पत्ताच अडवतो, म्हणून घरच्या वायफायवर नवीन फोनवरही मेल बंद आणि मोबाईल डेटावर चालू. जुन्या फोनमधून अकाउंट काढायला लावलं, होस्टिंगवरून त्यांचा पत्ता मोकळा केला, दहा मिनिटांत बाराचा रिपोर्ट आला.